गिरणी गेली कुठे? रिव्हर्स मर्जर आणि कंपनीचा मूळ धंदा

सोलापुरात साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या आसपास जुन्या घरांतल्या ट्रंका उघडल्या तर शेअर सर्टिफिकेटांची एखादी गड्डी सापडते. जाड पिवळसर कागद, वर कंपनीचं नाव, खाली दोन संचालकांच्या सह्या, सीलचा उठाव, फोलिओ नंबर, 'डिस्टिंक्टिव्ह नंबर अमुक ते तमुक', आणि मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदींचे रिकामे रकाने. त्यावर 'स्पिनिंग मिल्स' असं छापलेलं असतं. आज बीएसईच्या पानावर त्या कंपनीचा सहा आकडी स्क्रिप कोड टाकला तर समोर भलतंच नाव येतं: कुठे 'ग्रीन एनर्जी', कुठे 'टेक्नॉलॉजीज', कुठे 'इन्फ्रा'. कागद हातात असलेल्या वारसाला वाटतं, गिरणी बुडाली. आणि मोबाइलवर तीच कंपनी पाहणाऱ्या नव्या गुंतवणूकदाराला वाटतं, चाळीस वर्षं जुनी, मुरलेली सौर कंपनी स्वस्तात मिळते आहे. दोघांचाही समज चुकीचा आहे, आणि दोघांची चूक एकाच गोष्टीतून निघते. कंपनीचा मूळ धंदा काय होता, तो कधी संपला आणि त्याची मालमत्ता कुणाकडे गेली, हे सांगायची सक्ती आपल्याकडे फार लवकर संपते.

ही सक्ती वाढवली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. का, ते समजायला हा व्यवहार आतून पाहावा लागतो.

आधी शब्दाचा घोळ. 'रिव्हर्स मर्जर' हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. २००२ साली आयसीआयसीआय ही मूळ संस्था आपल्याच उपकंपनीत, आयसीआयसीआय बँकेत, विलीन झाली. तिथे आई लेकीत विलीन झाली म्हणून 'रिव्हर्स'. त्या प्रकाराशी या लेखाचा संबंध नाही. इथे प्रश्न दुसऱ्या प्रकाराचा आहे. शेअर बाजारात नोंदलेली, पण आत काहीच न उरलेली छोटी कंपनी घ्यायची, तिच्या पोटात एक चालता खासगी धंदा घालायचा, आणि त्या धंद्याच्या मालकांनी त्याच कंपनीचे बहुसंख्य शेअर घ्यायचे. कागदोपत्री छोटी कंपनी मोठीला विकत घेते. प्रत्यक्षात मोठीचे मालक छोटीवर बसतात. आयपीओ न आणता बाजारात येण्याची ही वाट असल्यामुळे तिला मागल्या दाराचं लिस्टिंगही म्हणतात.

हे बेकायदा नाही. ते गैर आहे असं सरसकट म्हणणंही बरोबर नाही. बंद पडलेल्या कंपनीचे भागधारक वर्षानुवर्षं अडकून पडलेले असतात, त्यांना या व्यवहारात बाहेर पडायची एक संधी मिळते. एखाद्या चांगल्या धंद्याला भांडवल मिळतं. बिघडतं ते पुढे, जेव्हा नवा धंदा जुन्या कंपनीचं वय, तिचा चार्ट आणि तिचा इतिहास अंगावर चढवून उभा राहतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडे समजण्यासाठी ठरवलेले आहेत, पण पायऱ्या आणि नियम खरे आहेत.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतली एक सूतगिरणी. कंपनी १९८५ सालची, नव्वदच्या दशकात पब्लिक इश्यू आणलेली. दहा रुपयांचे ३० लाख शेअर, म्हणजे भरणा झालेलं भांडवल ३ कोटी. २०११ मध्ये चाती थांबली. रिंग फ्रेम आणि कार्डिंगची यंत्रं जुन्या बाजारात गेली, २०१५ मध्ये जागा आणि शेड गेली. आता कंपनीकडे बँकेतली २० लाखांची ठेव आणि त्यावरचं व्याज, एवढंच आहे. प्रवर्तकांकडे ४८ टक्के, म्हणजे १४.४ लाख शेअर. उरलेले १५.६ लाख शेअर हजारभर लोकांत विखुरलेले. बाजारभाव १८ रुपये, म्हणजे अख्ख्या कंपनीची बाजारातली किंमत ५ कोटी ४० लाख. वीस लाखांची ठेव असलेल्या कंपनीला एवढी किंमत येते, कारण ती लिस्टेड आहे. विकत घेणाऱ्याला हवं असतं ते हे लिस्टिंगच.

दुसऱ्या शहरातलं एक कुटुंब सौर पॅनेल बसवण्याची खासगी कंपनी चालवतं. वर्षाची विक्री ७० कोटी, मूल्यांकन ६० कोटी. हे कुटुंब गिरणीच्या प्रवर्तकांचे १४.४ लाख शेअर २५ रुपयांनी घेतं. त्यासाठी ३ कोटी ६० लाख जातात. २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली, शिवाय नियंत्रणही बदललं, म्हणून सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर नियमांप्रमाणे ओपन ऑफर, म्हणजे इतर भागधारकांचे शेअर विकत घेण्याची जाहीर तयारी, आणावी लागते. ती किमान २६ टक्क्यांची असते, आणि ही टक्केवारी नवे शेअर धरून वाढलेल्या भांडवलावर मोजतात. त्यामुळे आपल्या उदाहरणात जुन्या सगळ्या लहान भागधारकांना आपले शेअर या ऑफरमध्ये विकता येतात. ते सगळे आले तरी खर्च ३ कोटी ९० लाख. पण सगळे येत नाहीत. ऑफरचं पत्र नोंदणीकृत पत्त्यावर जातं आणि तो पत्ता नव्वदच्या दशकातला असतो. शेअर आजोबांच्या नावावर, आजोबा गेलेले, वारसनोंद झालेली नाही. शेअर देण्याची मुदत फक्त दहा कामकाजाच्या दिवसांची. घरात कुणाला कळायच्या आत ती उलटून जाते.

मग मुख्य पायरी येते. गिरणीची कंपनी सौर कंपनीचे सगळे शेअर घेते आणि मोबदल्यात रोकड न देता स्वतःचे नवे शेअर देते. २५ रुपये दराने २ कोटी ४० लाख शेअर, म्हणजे ६० कोटी. याला शेअर स्वॅपने केलेलं प्रेफरेन्शियल अलॉटमेंट म्हणतात. त्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो. हे सगळे शेअर कुटुंबानेच घेतले तर त्यांचा हिस्सा ९४ टक्क्यांवर जाईल, आणि लिस्टेड कंपनीत किमान २५ टक्के जनतेकडे असावे लागतात. म्हणून वाटप असं होतं: १ कोटी ६० लाख शेअर कुटुंबाला, ८० लाख शेअर 'नॉन-प्रमोटर' म्हणून सौर कंपनीच्या इतर भागधारकांना. आता एकूण शेअर झाले २ कोटी ७० लाख. कुटुंबाकडे ६४.६ टक्के, नव्या 'जनते'कडे २९.६ टक्के. जुन्या भागधारकांकडे कालपर्यंत ५२ टक्के होते, आज ५.८ टक्के आहेत. त्यांच्या हातातल्या कागदावरचा आकडा मात्र बदललेला नाही, म्हणून कुणाला काही झाल्याचं जाणवत नाही.

सगळी गडबड या ८० लाखांच्या गटात असू शकते. हे लोक खरोखर स्वतंत्र आहेत की कुटुंबाचेच नातेवाईक, पुरवठादार, ओळखीचे, हे यादीवरून सहज कळत नाही. ही यादी सर्वसाधारण सभेच्या नोटिशीला जोडलेल्या स्पष्टीकरणात असते. व्यक्ती असेल तर नाव आणि अलॉटमेंटच्या आधीचे-नंतरचे शेअर, संस्था असेल तर तिचा अंतिम लाभार्थी कोण हेही द्यावं लागतं. नोटीस तीस-चाळीस पानांची असते. वाचायची तर ही यादी वाचावी, बाकीचं मग. तीन-चार फर्म एकाच पत्त्यावर असतील, किंवा एकाच आडनावाची रांग लागलेली असेल, तर ती 'जनता' नावापुरती आहे असं समजायला जागा आहे.

नवे सगळे शेअर लॉक-इनमध्ये असतात, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत विकता येत नाहीत. प्रवर्तकांचे, एकूण भांडवलाच्या वीस टक्क्यांपर्यंतचे, दीड वर्ष. बाकीचे सहा महिने. म्हणजे पहिले सहा महिने बाजारात फिरू शकतात ते फक्त जुने १५.६ लाख शेअर. त्यातलेही कितीतरी ट्रंकांत पडलेले. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर डीमॅट केल्याशिवाय विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, त्यामुळे तेही मोजायचे नाहीत. प्रत्यक्ष हलणारा माल दोन-तीन लाख शेअरचा. एवढ्या थोड्या मालावर रोज पाच टक्क्यांचं अप्पर सर्किट, म्हणजे भाव एका दिवसात चढण्याची कमाल मर्यादा, लावायला फार पैसा लागत नाही. २५ चा भाव १२० वर जायला अशी तेहतीस सत्रं पुरतात, म्हणजे दीड महिन्याहून थोडं जास्त. १२० भावाला कंपनीची किंमत होते ३२४ कोटी. धंदा तोच, मूल्यांककाने ६० कोटींचा ठरवलेला. सहा महिने संपले की ८० लाख शेअर मोकळे होतात, आणि त्यांची खरेदीची किंमत २५ आहे. टेलिग्राम-व्हॉट्सअॅपवर टिपा नेमक्या याच सुमारास वाढतात. कोणत्या तारखेला किती शेअर मोकळे होणार, हे एक्स्चेंजच्या नोटिशीत आणि तिमाही शेअरहोल्डिंग पॅटर्नच्या लॉक-इनच्या रकान्यात लिहिलेलं असतं. भाव पाहण्याआधी तो रकाना पाहावा.

आता नाव. लिस्टेड कंपनीला नाव बदलायचं तर सेबीच्या लिस्टिंग नियमांतल्या ४५ व्या नियमाच्या अटी आहेत. आधीच्या नावबदलाला किमान एक वर्ष झालेलं हवं. शिवाय नव्या नावातून जो धंदा सूचित होतो त्यातून मागच्या वर्षीच्या उत्पन्नापैकी किमान ५० टक्के आलेले हवेत, किंवा कंपनीच्या मालमत्तेपैकी किमान ५० टक्के त्या धंद्यात गुंतवलेले हवेत. नियम चांगल्या हेतूने केला आहे. डॉटकॉमच्या लाटेत नावाला शेपूट लावून भाव चढवण्याचे प्रकार झाले होते, त्यांना आळा बसावा म्हणून. पण चालत्या कारखान्याला जी अट जड जाते ती रिकाम्या कंपनीला काहीच जड नसते. ज्या कंपनीकडे वीस लाखांची ठेव आहे तिने ६० कोटींचे सौर शेअर घेतले की तिची नव्व्याण्णव टक्के मालमत्ता त्याच दिवशी 'नव्या धंद्यात' जाते. उत्पन्नाची अट एका वर्षाचा पुरावा मागते, मालमत्तेची अट एका सहीने पुरी होते. ज्या कंपन्यांसाठी हा नियम सर्वात जास्त हवा होता, त्यांनाच तो अडवत नाही.

बदललेलं नाव लपवता येत नाही, हे खरं आहे. कंपनी कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे नाव बदलल्यावर दोन वर्षं जुनं नाव नव्या नावासोबत पाटीवर आणि पत्रांवर छापावं लागतं. लिस्टेड कंपनीने आपल्या वेबसाइटवर एक वर्ष जुनं आणि नवं दोन्ही नावं ठेवायची असतात. पण चार्टवर दहा, पंधरा, वीस वर्षांचा भाव दिसत राहतो आणि जुनं नाव एक-दोन वर्षांत निघून जातं. तिसऱ्या वर्षी आलेल्या माणसाला २००९ सालचा सूतगिरणीचा भाव सौर कंपनीचा म्हणून दिसतो. त्याच्या पडद्यावर दहा वर्षांचे आकडे येतात: आधीची सात-आठ वर्षं विक्री शून्य, मग एकदम ७० कोटी. वाढीचा टक्का काढायला गेलं तर काहीही येईल.

हिशेबाच्या बाजूनेही एक खाच आहे, आणि ती माहीत असली तर खूप काही उलगडतं. भारतीय हिशेब मानक १०३ सांगतं की अशा व्यवहारात कायद्याने घेणारी कंपनी एक असली तरी हिशेबाने घेणारी दुसरी असते. म्हणून व्यवहारानंतरचे एकत्रित हिशेब हे सौर कंपनीच्याच हिशेबाचं पुढचं पान मानतात. मागच्या वर्षीचे तुलनेचे आकडेही सौर कंपनीचे येतात. पण त्याच अहवालातले स्वतंत्र हिशेब गिरणीच्या कंपनीचेच राहतात: २० लाखांच्या ठेवीचं व्याज, आणि खाली उपकंपनीतली ६० कोटींची गुंतवणूक. एकाच वार्षिक अहवालात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे भूतकाळ शेजारी शेजारी छापलेले असतात. मागच्या वर्षीच्या अहवालातला त्या वर्षाचा आकडा आणि या वर्षीच्या अहवालातला तुलनेचा आकडा जुळत नसेल, तर चूक झाली असं लगेच समजू नये. बहुधा तिथेच व्यवहाराची खूण सापडते. एकत्रित नफ्या-तोट्यात 'लिस्टिंगचा खर्च' अशी एकदाच येणारी मोठी रक्कम दिसली तर ती त्याहून स्पष्ट खूण. हिशेबाने घेतलेली कंपनी, म्हणजे गिरणीची रिकामी कंपनी, हा 'धंदा'च नव्हता, म्हणून तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत लिस्टिंगपोटी खर्चात टाकावी लागली, एवढाच त्याचा अर्थ.

मूळ धंदा शोधायचा तर सुरुवात सीआयएनपासून, म्हणजे कंपनीच्या ओळख क्रमांकापासून, करावी. तो एकवीस अक्षरी क्रमांक वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानांवर असतोच. रिलायन्स इंडस्ट्रीजचा क्रमांक पाहा:

```
L17110MH1973PLC019786
```

पहिलं अक्षर लिस्टेड असल्याचं. पुढचे पाच आकडे उद्योगाचे, मग राज्य, मग स्थापनेचं वर्ष, मग कंपनीचा प्रकार, आणि शेवटचे सहा आकडे नोंदणीचे. तेल, रसायनं, मोबाइल आणि किराणा यांतून पैसा कमावणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात १७११० आहे, आणि तो कापडाचा आकडा आहे. विमलच्या कापडाची ती खूण आजही पुसलेली नाही. सोलापुरातल्या कंपन्यांच्या क्रमांकात काही वेळा 'MH' ऐवजी 'PN' दिसतं, कारण आपला जिल्हा पुण्याच्या रजिस्ट्रारकडे आहे.

पण या पाच आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नये. उद्योगांची राष्ट्रीय वर्गवारी बदलत आली आहे. २००४ च्या वर्गवारीत १७ म्हणजे कापड, २००८ च्या वर्गवारीत १७ म्हणजे कागद, आणि कापड गेलं १३ वर. त्यामुळे १७ ने सुरू होणारा क्रमांक पाहून कंपनी कागदाची होती असं कुणी म्हणाला, तर त्याने चुकीची यादी उघडली असण्याची शक्यता आहे. आणि हा क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली तेव्हा कंपनीने जो धंदा सांगितला तो त्यात आला. तोवर तिने एकदा धंदा बदललेला असू शकतो. भरवशाचे आहेत ते वर्ष आणि शेवटचे सहा आकडे. नाव बदललं, मालक बदलले, तरी नोंदणी क्रमांक सहसा तोच राहतो. नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात गेलं तरच तो बदलण्याचा प्रश्न येतो.

त्यानंतर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर जावं. शंभर रुपये भरले की एका कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं पाहता येतात. त्यात दोन गोष्टी शोधायच्या. एक, नाव बदलल्यावर मिळणारं नवं प्रमाणपत्र, ज्यावर जुनं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. दुसरी, कंपनीच्या घटनापत्रातला, म्हणजे मेमोरँडममधला, उद्देशांचा भाग. जुन्या कायद्याखालच्या मेमोरँडममध्ये मुख्य उद्देश आणि इतर उद्देश असे वेगळे कप्पे असायचे. 'इतर'मध्ये शेतीपासून सिनेमापर्यंत सगळं घातलेलं असायचं, ते सोडून द्यावं. मुख्य उद्देशातलं पहिलं कलम वाचावं. पोर्टल २००६ मध्ये सुरू झालं, त्याआधीचे कागद तिथे नेहमी सापडत नाहीत. तेव्हा रजिस्ट्रारकडून प्रमाणित प्रत मागवावी लागते.

मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो मात्र कर्जाच्या नोंदींवर. कंपनीने तारण देऊन कर्ज घेतलं की त्याचा 'चार्ज' नोंदवावा लागतो, आणि चार्जची यादी पोर्टलवर दिसते: कोणती बँक, किती रक्कम, कधी घेतलं, कधी फेडलं. त्याला जोडलेला तारणाचा दस्त उघडला तर त्यात यंत्रं नावानिशी असतात. ब्लो रूम, कार्डिंग, ड्रॉ फ्रेम, स्पीड फ्रेम, रिंग फ्रेम, अमुक चात्या, अमुक प्लॉट नंबर, एमआयडीसी. नाव कितीही वेळा बदललं तरी बँकेने यंत्रांची यादी नीट लिहून घेतलेली असते. कर्ज फेडल्याची नोंद ज्या महिन्यात आहे, त्याच सुमारास कारखाना विकला गेला असण्याची शक्यता खूप असते.

तिथून मूळ धंदा कुठे गेला हा दुसरा, जास्त महत्त्वाचा प्रश्न सुरू होतो. तो बंद पडला, बाहेरच्याला विकला, की गुपचूप प्रवर्तकांच्याच खासगी फर्ममध्ये गेला? तिन्ही वाटांनी शेवटी रिकामी लिस्टेड कंपनीच उरते, पण लहान भागधारकाच्या दृष्टीने तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या उदाहरणातल्या २०१५ च्या अहवालात तीन जागा पाहाव्यात. स्थावर मालमत्तेच्या तक्त्यातला 'वजावट' हा रकाना, म्हणजे त्या वर्षी काय गेलं. रोख प्रवाहातली मालमत्ता विक्रीची रक्कम, म्हणजे किती आले. आणि संबंधित व्यक्तींशी झालेल्या व्यवहारांची टीप, म्हणजे कुणाकडून आले. जागा २ कोटी १० लाखांना गेली आणि घेणारी फर्म प्रवर्तकांच्या मुलाची, असं दिसलं, तर गिरणी बुडाली हे म्हणणं अर्धवट ठरतं. चाती थांबली, पण जमीन घरातच राहिली. पुढे तिची किंमत वाढली ती त्या घराची झाली, हजार भागधारकांची झाली नाही.

अशा विक्रीवर आता जरा चांगला पहारा आहे. २०२३ मध्ये सेबीने ३७-अ हा नियम आणला. लिस्टेड कंपनीचा अख्खा उपक्रम विकायचा तर विशेष ठराव हवाच, शिवाय जनतेतल्या भागधारकांची अनुकूल मतं प्रतिकूल मतांपेक्षा जास्त हवीत. पण सोलापूरसारख्या गावातल्या बहुतेक गिरण्यांचा माल याच्या कितीतरी आधी हलला. त्या विक्रींना हा नियम मागून लागू होत नाही.

रिकाम्या कंपनीच्या जुन्या देण्यांकडेही तितकंच लक्ष हवं. कामगारांची ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी, महावितरणशी चाललेला वाद, उत्पादन शुल्काची मागणी, हे सगळं 'संभाव्य देणी' या टिपेत बसलेलं असतं. कंपनीचं नाव सौर झालं म्हणून ही देणी गिरणीबरोबर जात नाहीत; कायद्याने कंपनी तीच असते. नवे मालक जुन्या प्रवर्तकांकडून हमी लिहून घेतात, पण ती त्या दोघांमधली. बाहेरचा गुंतवणूकदार त्यात कुठेच नसतो. सौर कंपनीच्या अहवालात हँक यार्नच्या, म्हणजे हातमागांसाठी काही सूत लडीत देण्याच्या, सक्तीपोटीची जुनी मागणी दिसली, तर छापताना चूक झाली असं समजू नये. तो मूळ धंद्याचा सर्वात खरा शिक्का आहे.

आता मागणीकडे येतो. व्यवहार जर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मंजुरीने, विलीनीकरणाच्या योजनेतून झाला, तर सेबीने आधीच बरंच काही बांधून ठेवलं आहे. आत येणाऱ्या खासगी कंपनीची माहिती संक्षिप्त प्रॉस्पेक्टसच्या नमुन्यात द्यावी लागते. विलीनीकरणानंतर जुन्या लिस्टेड कंपनीच्या सामान्य भागधारकांकडे, खासगी कंपनीतल्या पात्र संस्थात्मक गुंतवणूकदारांसह, किमान २५ टक्के हिस्सा राहावा लागतो. आपल्या उदाहरणातल्या ५.८ टक्क्यांशी हा आकडा ताडून पाहा. तोच परिणाम शेअर स्वॅपच्या वाटेने साधला तर ही २५ टक्क्यांची अट येत नाही आणि तो प्रॉस्पेक्टसचा नमुनाही येत नाही. उरते फक्त सभेची नोटीस. एकाच गोष्टीला दोन दारं आहेत आणि एकाच दाराशी पहारेकरी आहे. जिथे स्वॅपनंतर कंपनीचं नियंत्रण बदलतं आणि नवा धंदा जुन्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, तिथे स्वॅपलाही हेच प्रॉस्पेक्टस लागू व्हायला हवं.

अमेरिकेत बाजार नियामकाने २००५ पासून असं केलं आहे. रिकाम्या कंपनीत धंदा आला की चार कामकाजाच्या दिवसांत नव्या नोंदणीला लागते तेवढी पूर्ण माहिती जाहीर करायची. २०११ मध्ये चीनमधल्या अनेक कंपन्या याच वाटेने येऊन हिशेब खोटे निघाल्यावर तिथल्या मोठ्या एक्स्चेंजांनी आणखी एक अट घातली: अशा कंपनीने आधी किमान एक वर्ष दुसऱ्या बाजारात व्यवहार करून दाखवावा, तोवर मोठ्या एक्स्चेंजवर जागा नाही. आणि तिथल्या नियामकाच्या सार्वजनिक नोंदीत कंपनीच्या नावाखाली जुनी नावं तारखांसह दिसतात, एक-दोन वर्षांनी गळत नाहीत. आपल्याला त्यातलं निदान हे शेवटचं तरी लगेच करता येईल. एक्स्चेंजच्या पानावर जोवर कंपनीचा जुना भाव दिसतो, तोवर जुनं नाव आणि जुना धंदाही दिसला पाहिजे, आणि चार्टवर नियंत्रण बदलल्याच्या तारखेला उभी रेघ हवी. माहिती एक्स्चेंजकडे आहेच. तीच माहिती देऊन तर त्यांनी नावबदल मंजूर केला.

यावर काय उत्तर मिळेल ते कळतं: यामुळे चांगल्या कंपन्यांनाही विनाकारण डाग लागेल. मला ते पटत नाही. विप्रो १९४५ साली अमळनेरला वनस्पती तूप बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि त्याने विप्रोचं काही बिघडलं नाही, कारण तिथे धंदा त्याच मालकांच्या हाताखाली, वर्षावर्षाच्या अहवालांत दिसत दिसत बदलला. ज्याचा बदल असा सलग आहे त्याला जुनं नाव शेजारी असल्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो वय उसनं घेतलेल्याला.

ट्रंकेत सर्टिफिकेट असलेल्या घरांनी मात्र नियम बदलायची वाट पाहू नये. स्क्रिप कोड किंवा आयएसआयएनवरून, म्हणजे शेअरच्या ओळख क्रमांकावरून, आजचं नाव काढावं, नव्या अहवालातून रजिस्ट्रारचं, म्हणजे शेअर ट्रान्सफर एजंटचं नाव घ्यावं, आणि जुन्या फोलिओ नंबरवर पत्र टाकावं. आयएसआयएनचे शेवटचे आकडे शेअरची विभागणी झाली की बदलतात, पण 'INE' नंतरची चार अक्षरं त्याच कंपनीची राहतात. तेवढी जुळली की कंपनी तीच. सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात, ते परत मागायला आयईपीएफ-५ हा फॉर्म आहे. आणि जागा कुणाकडे गेली हे पाहायचं असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर गावाचं नाव आणि प्लॉट नंबर टाकून सूची क्रमांक दोन काढावी. तिथे विकणाऱ्याच्या रकान्यात गिरणीचं जुनं नाव असेल, आणि घेणाऱ्याच्या रकान्यात खरं उत्तर.